उत्पन्नाचा दाखला अडकलाय. तहसीलला फोनवर नेमकं काय बोलू?

काकू, नमस्कार. मुलगी बारावी झाली, इंजिनीअरिंगला प्रवेश घ्यायचा आहे. नॉन-क्रिमीलेयरसाठी आधी तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून 2 जूनला केंद्रावरून अर्ज भरला. आज 30 जून. दाखला नाही. मिस्टर रिक्षा चालवतात, खाडा परवडत नाही आणि तहसील गावापासून लांब, म्हणून मी फोन करते. चारदा केला. "बघतो", "उद्या करा", "सर्व्हर नाही". तीनदा मीच "सॉरी, त्रास दिला" म्हणून ठेवला, चौथ्यांदा माझा आवाज चढला तर त्यांनी कापला. मला फोनवर बोलताच येत नाही. काय बोलायचं ते शब्दन् शब्द लिहून द्याल का? समोर ठेवून वाचेन.
— एक आई

ताई, नमस्कार. सदर छापून यायला वेळ लागेल, म्हणून हे उत्तर तुम्हाला आजच पाठवते आहे. मी महसुलात नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं दाखल्यांच्या टेबलावर काढली. त्यामुळे तुमचा फोन वाजतो तेव्हा पलीकडे काय चाललेलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. आधी तेच सांगते, कारण पुढचे शब्द त्यातूनच आले आहेत.

फोन उचलणाऱ्याच्या समोर रांग असते, एक हात माऊसवर असतो आणि तुमचा अर्ज त्याच्या डोळ्यांसमोर नसतो. तुम्ही विचारता, "माझा दाखला झाला का?" या प्रश्नाला "नाही" किंवा "बघतो" एवढं उत्तर पुरतं, आणि ते द्यायला त्याला काही उघडून बघावंही लागत नाही. मीही अशी उत्तरं दिलेली आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण ज्या दिवशी कुणी अर्ज क्रमांक सांगून विचारायचं, "हा अर्ज सध्या कुणाच्या लॉगिनला आहे आणि कधीपासून?", त्या दिवशी मला तो क्रमांक टाकून बघावाच लागायचा. आणि एकदा स्क्रीनवर अर्ज उघडला की निम्मं काम होतं.

म्हणून फोनवर तीनच गोष्टी विचारायच्या. अर्ज कुणाकडे आहे, कोणत्या तारखेपासून आहे आणि कशासाठी थांबला आहे. चौथी गोष्ट ठेवताना घ्यायची: पुढे काय होणार त्याची तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव.

आता अर्ज थांबतो कुठे ते समजून घ्या. केंद्रावरून भरलेला अर्ज तहसीलमध्ये लिपिकाच्या डेस्कवर येतो, तिथून वर नायब तहसीलदारांकडे किंवा तहसीलदारांकडे जातो, आणि शेवटी डिजिटल सही होऊन दाखला तयार होतो. मधली पायरी तालुक्यागणिक थोडी वेगळी असते. तुमच्या मिस्टरांचं उत्पन्न रिक्षाचं. पगाराचा फॉर्म 16 नाही आणि आयकर विवरण भरत नसतील, तर सगळी भिस्त तलाठ्याच्या अहवालावर. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण फोनवर तलाठी म्हटलेलं सगळ्यांना कळतं.) त्यामुळे तुमचा अर्ज तीनपैकी एका ठिकाणी असणार: कुणाच्या तरी डेस्कवर पडून, तलाठी अहवालासाठी थांबलेला, नाहीतर त्रुटी काढून परत पाठवलेला.

मला भीती तिसऱ्याची आहे. त्रुटी निघाली की अर्ज ज्या लॉगिनवरून आला तिथे परत जातो, म्हणजे केंद्रचालकाकडे. त्याच्याकडे दिवसाला कितीतरी अर्ज असतात आणि परत आलेले तो रोज उघडतोच असं नाही. मेसेज येतो तो अर्जात लिहिलेल्या मोबाईलवर, आणि घाईत केंद्रचालकाने तिथे स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. तुम्ही तहसीलला फोन करत राहता, तहसीलवाला म्हणतो आमच्याकडे पेंडिंग नाही, आणि अर्ज गावातल्या केंद्रावर झोपलेला.

यात आणखी एक गोम आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे, पण ती मोजली जाते सर्व बाबतीत पूर्ण असलेला अर्ज मिळाल्यापासून. त्रुटी असेल तर "मुदत संपली" हे तुमचं म्हणणं टिकत नाही. म्हणून पहिला फोन तहसीलला नाही, केंद्राला. असा:

"दादा, मी 2 जूनला तुमच्याकडून तीन वर्षांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरला होता. तुमच्या लॉगिनला तो परत आलाय का, त्रुटी दिसतेय का, एवढं आत्ता उघडून सांगा. मी फोनवर थांबते. आणि अर्जात मोबाईल नंबर कोणता टाकलाय तोही बघून सांगा."

"संध्याकाळी बघतो" म्हणाला तर, "दादा, मी थांबते ना, दोन मिनिटांचं काम आहे, मग मला तहसीलला फोन करायचाय" एवढंच म्हणा आणि गप्प राहा. ही गप्प राहण्याची सवय लागली पाहिजे. शांतता पडली की आपण घाबरून "बरं बरं, नंतर करते" म्हणतो, आणि तिथेच फोन वाया जातो.

त्रुटी आलीच असेल तर ती शब्दशः वाचून घ्या. नेहमीच्या त्रुटी ठरलेल्या आहेत. स्वयंघोषणापत्रावर सही राहिलेली असते. तलाठी अहवाल एकाच वर्षाचा असतो आणि दाखला तीन वर्षांचा मागितलेला असतो. रेशनकार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं असतं. किंवा कागद वाचताच येत नाही: पोर्टलवर कागद 500 केबीच्या आत बसवावा लागतो, म्हणून केंद्रावर तो इतका दाबतात की तलाठ्याचा शिक्का म्हणजे नुसता निळा डाग दिसतो. अशा वेळी तहसीलला फोन करून उपयोग नाही. कागद नीट स्कॅन करून त्याच अर्जावर पुन्हा चढवायला लावा, आणि चढवल्याची तारीख लिहून घ्या.

केंद्राने "परत आलेला नाही" सांगितलं, तर मग तहसील.

त्याआधी दहा मिनिटं तयारीला द्या. पावती समोर ठेवा. त्यावर अर्ज क्रमांक, तारीख आणि सेवेचं नाव असतं. कायद्याने पावतीवर मुदतही लिहिलेली असायला हवी. ती शोधून तिच्याखाली पेनाने रेघ मारा. अर्ज क्रमांक लांबलचक असतो. तो वहीत चार-चार आकड्यांचे गट पाडून मोठ्या अक्षरात उतरवा आणि फोनवर एकेक आकडा सुटा वाचा. "एकोणऐंशी" म्हणू नका, "सात, नऊ" म्हणा. आपल्याकडे एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत फोनवर हटकून घोळ होतो, आणि एक आकडा चुकला की समोरचा म्हणतो, "असा अर्जच दिसत नाही." चार आकडे वाचले की थांबायचं, त्यांनी "हं" म्हटलं की पुढचे चार.

मग aaplesarkar.mahaonline.gov.in वर अर्जाचा मागोवा घ्यायची सोय आहे, तिथे विभाग आणि सेवा निवडून, क्रमांक टाकून आज काय दिसतं ते जसंच्या तसं लिहून ठेवा. मुलीला सांगा, ती करेल. "ऑनलाइन बघा" असं ते म्हणणारच आहेत, तेव्हा आपण बघून बसलेलो बरं.

तुम्ही नेमक्या कोणत्या नंबरवर फोन करत होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. तहसीलचा लँडलाइन नंबर जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. साताऱ्याचं satara.gov.in आहे, तशी प्रत्येक जिल्ह्याची आहेत. वेळही बघून करा. कार्यालय 9:45 ला उघडतं, पण पहिला तासभर आवक-जावक आणि साहेबांच्या हाका यांत जातो. एक ते दोनच्या दरम्यान जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी असते. सोमवार टाळा, शनिवार-रविवारचं तुंबलेलं त्या दिवशी अंगावर येतं. अकरा ते साडेबारा किंवा साडेतीन ते पाच, मंगळवार ते शुक्रवार. तुम्ही बुधवारी, 2 जुलैला, सव्वाअकराला फोन करा.

हे शब्द. मोठ्याने दोनदा वाचून बघा, मग फोन लावा.

"नमस्कार. तहसील कार्यालय ना? दाखल्यांचं टेबल कुणाकडे आहे, त्यांच्याशी बोलायचं होतं."

फोन उचलणारा शिपाई असेल, दुसऱ्याच टेबलाचा माणूस असेल. त्याला गोष्ट सांगत बसू नका. योग्य माणूस आला की:

"नमस्कार भाऊसाहेब. उत्पन्नाच्या दाखल्याबाबत फोन केलाय. अर्ज 2 जूनचा आहे, तीन वर्षांचा दाखला आहे. अर्ज क्रमांक सांगते, लिहून घेता का?"

बाई असतील तर "मॅडम". "लिहून घेता का" यानंतर थांबा. त्यांना पेन शोधायला वेळ द्या. क्रमांक सांगून झाला की अर्जदाराचं नाव अर्जात जसं आहे तसं, आडनावासकट, आणि गाव. मग:

"हा अर्ज सध्या कुणाच्या लॉगिनला आहे आणि कोणत्या तारखेपासून आहे, एवढं बघून सांगाल का? मी फोनवर थांबते."

यात "सॉरी", "त्रास देते", "एक विनंती होती, रागावू नका" यातलं काही नाही, बघा. नमस्कार आहे, भाऊसाहेब आहे, सांगाल का आहे. एवढा मान पुरे होतो. तुम्ही आधीच माफी मागितली की समोरच्याला वाटतं हिचं काम नंतर केलं तरी चालेल. हे मी टेबलाच्या त्या बाजूने सांगते आहे.

आता ते काय म्हणतील, आणि तुम्ही काय म्हणायचं.

"ऑनलाइन बघा ना." — "बघितलं भाऊसाहेब, आत्ताच. तिथे फक्त प्रक्रियेत आहे एवढंच येतं, कुणाकडे आहे ते मला कळत नाही. तुमच्या लॉगिनला ते दिसतं, म्हणून फोन केला."

"सर्व्हर बंद आहे." — हे पुष्कळदा खरंच असतं, त्यामुळे वाद घालायचा नाही. "बरं, मग क्रमांक तुमच्याकडे लिहिलेला राहू द्या. मी आज चार वाजता परत करते. आपलं नाव काय म्हणून विचारू?" आणि चारला करायचाच. पाचला नाही, दुसऱ्या दिवशी नाही.

"उद्या करा." — "करते. उद्या मी काय विचारू, कुणाकडे अहवाल मागितलाय की सहीला गेलाय? म्हणजे परत पहिल्यापासून तुमचा वेळ जाणार नाही." या एका प्रश्नाने निम्म्या वेळा माणूस तिथल्या तिथे बघतो.

"साहेब मीटिंगला आहेत, सही झाली की येईल." — हे चांगलं उत्तर आहे, कारण अर्ज शेवटच्या पायरीवर आहे असा त्याचा अर्थ. पण खात्री करून घ्या. "म्हणजे तपासणी सगळी झाली आणि फक्त डिजिटल सही राहिलीय, बरोबर? सहीला कोणत्या तारखेला गेला?" तारीख सांगता आली तर खरं आहे. "गेलाय दोन-तीन दिवसांपूर्वी" असं मोघम आलं तर "तेवढी तारीख बघून सांगता का" म्हणून पुन्हा एकदा विचारा, त्याच आवाजात.

"तलाठ्याचा अहवाल आला नाही." — तुमच्या बाबतीत मला हीच शक्यता जास्त दिसते. इथे "मग मी काय करू?" असं विचारू नका, ते म्हणतील तलाठ्याला भेटा, आणि फोन संपेल. विचारा, "अहवाल कोणत्या तारखेला मागवला? अर्जासोबत जोडलेला अहवाल चालला नाही का, त्यात काय कमी आहे?" जोडलेल्या अहवालात एखाद्या वर्षाचा आकडा नसेल तर तो तिथेच कळतो. मग लगेच तलाठ्याला फोन:

"भाऊसाहेब नमस्कार. मिस्टरांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलने तुमच्याकडून अहवाल मागितलाय, अमुक तारखेला. तीनही वर्षांचं उत्पन्न वेगवेगळं लिहून हवंय असं ते म्हणाले. तुम्ही सज्जावर कोणत्या दिवशी आहात? आधार, रेशनकार्ड आणि रिक्षाचे कागद घेऊन मी त्या वेळी येते."

तलाठ्याकडे एकाहून जास्त गावं असतात, तो तुमच्या सज्जावर रोज नसतो. म्हणून "कधी होईल" न विचारता "कोणत्या दिवशी आहात" विचारायचं. एक फेरी वाचते.

आणि एक उत्तर असंही येईल: "केंद्रवाल्याला भेटा, तो सांगेल काय करायचं ते." सुरात काही वेगळं वाटलं तर तो सूर ओळखा, पण आरोप करू नका. म्हणा, "भाऊसाहेब, पावतीप्रमाणे फी भरली आहे. अजून काही अधिकृत फी बाकी असेल तर किती ते सांगा, पावती घेऊन भरते." बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. उघड पैसेच मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. मात्र तो फोनवर धमकी म्हणून उच्चारायचा नाही. करायचाच असेल तर वेगळा फोन करायचा.

फोन ठेवण्याआधी त्यांनी सांगितलेलं परत म्हणून दाखवा. याला सर्वात जास्त महत्त्व आहे, आणि हेच सगळे विसरतात.

"म्हणजे मी असं लिहून घेते भाऊसाहेब: अर्ज तुमच्या डेस्कवर 18 जूनपासून आहे, तलाठी अहवाल आला की शुक्रवारी 4 तारखेपर्यंत पुढे जाईल. बरोबर ना? आपलं नाव काय लिहू? मी शुक्रवारी चार वाजता फोन करते. आभारी आहे."

नाव सांगायला काही जण का-कू करतात. "नाव कशाला?" म्हणाले तर, "शुक्रवारी फोन केला की कुणाला मागू म्हणून विचारलं." यात त्यांना टोचण्यासारखं काही नाही. तरीही नाही सांगितलं तर टेबलाचं नाव आणि फोनची वेळ लिहून ठेवा, तेवढ्यावर काम चालतं.

वहीत एका ओळीत लिहा: 2 जुलै, 11:20, दाखला टेबल, अमुक भाऊसाहेब, काय म्हणाले, पुढची तारीख. ही वही हेच पुढच्या फोनचं भांडवल, कारण शुक्रवारचा फोन इथूनच सुरू होतो:

"नमस्कार भाऊसाहेब, बुधवारी सव्वाअकराला आपलं बोलणं झालं होतं. आपण म्हणाला होतात, आज अर्ज पुढे जाईल. आता कुणाच्या लॉगिनला गेला ते सांगाल का?"

"कसला अर्ज?" असं ते म्हणाले तरी चिडू नका, त्यांना खरंच आठवत नसतं. परत क्रमांक, परत चार-चार आकडे. तुमचा आवाज चौथ्या फोनला चढला ते मी समजू शकते. पण आवाज चढला की समोरच्याला फोन कापायला कारण मिळतं. राग आला तर एक वाक्य पाठ करून ठेवा: "भाऊसाहेब, मला भांडायचं नाही, मला फक्त तारीख हवी आहे." ते म्हणा आणि थांबा.

मुलीच्या प्रवेशाचं सांगायचं की नाही? सांगायचं, पण एकदाच आणि तारखेसकट. "मुलीच्या प्रवेशाची कागद तपासणी अमुक तारखेला आहे, आणि हा दाखला मिळाल्यावर नॉन-क्रिमीलेयरचा अर्ज प्रांत कार्यालयात जायचाय." नॉन-क्रिमीलेयर उपविभागीय अधिकारी देतात, त्यालाही वेळ लागतो, हे टेबलावरच्या माणसाला ठाऊक असतं, त्याला तारीख कळली की तो हिशेब करतो. "माझ्या मुलीचं वर्ष वाया जाईल हो" हे खरं असलं तरी तो दिवसभर हेच ऐकत असतो, आणि त्याने अर्ज शोधायला मदत होत नाही.

शुक्रवारचाही शब्द पाळला नाही तर मंगळवारी, 8 तारखेला, टेबल सोडून वर जा. नायब तहसीलदारांशी बोलायचंय म्हणून सांगा. आता कायद्याचा शब्द काढायचा, आधी नाही. लिपिकाला कायदा ऐकवून तो दुखावतो, त्याच्या हातात निर्णय नसतो. मुदतीचं उत्तर द्यायची जबाबदारी असते ती पदनिर्देशित अधिकाऱ्याची, आणि त्यांच्या कार्यालयात हा शब्द नेमका कळतो.

"नमस्कार साहेब. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज 2 जूनचा आहे. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे मुदत पंधरा दिवसांची होती, सुट्ट्या वगळल्या तरी ती 23 जूनला संपली. मी 2 आणि 4 जुलैला दाखला टेबलाशी बोलले, त्रुटी नाही असं ते म्हणाले. दाखला देताय की अर्ज नाकारताय ते मला कळायला हवं. नाकारला असेल तर कारण लेखी द्यावं, आणि प्रथम अपील कुणाकडे करायचं तेही सांगावं."

हे वाक्य शांतपणे, वाचल्यासारखंच म्हणा. त्यात दमदाटी नाही. कायद्यातच आहे की मुदतीत सेवा द्यायची किंवा कारण नोंदवून नाकारायचं, आणि नाकारलं तर अपिलाची मुदत व अपिलीय अधिकारी कोण तेही अर्जदाराला कळवायचं. कसुरीबद्दल 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूदही आहे, पण ती फोनवर काढू नका. दंड लावणं अपिलात ठरतं, आणि तुम्हाला दाखला हवाय.

वरच्या वाक्यातली 23 जून कुठून आली ते सांगते. सरळ दिवस मोजले तर 2 जूननंतर पंधरावा दिवस 17 जून. शनिवार-रविवार सोडून मोजला तर 23 जून. उशीर झाला हे सांगताना लांबची तारीख वापरा, म्हणजे "सुट्ट्या धरल्या का?" म्हणायला जागा राहत नाही. अपिलाची शेवटची तारीख काढताना मात्र उलट करा, जवळची तारीख धरा. मुदत संपल्यापासून 30 दिवसांत प्रथम अपील करायचं असतं, म्हणजे 17 जुलै. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून 90 दिवसांपर्यंत अपील घेता येतं, पण त्यावर विसंबू नका. फोन करत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. कितीतरी लोक "साहेब बघतो म्हणाले" यावर दोन महिने काढतात आणि अपिलाचा दिवस निघून जातो.

म्हणून 8 तारखेच्या फोननंतर दोन दिवस वाट बघा. 10 जुलैलाही काही नसेल तर अपील करा. ते पोर्टलवरूनही करता येतं. तहसीलदारांच्या दाखल्याचं पहिलं अपील प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातं, तरी वरच्या फोनमध्ये विचारून घेतलेलं पद त्यात लिहा. कारणात वहीतल्या ओळी उतरवा: अर्जाची तारीख, तीन फोन, कुणी काय सांगितलं. लांब निबंध नको, सात-आठ ओळी बस. पोर्टलवर अडलं तर "आपले सरकार"च्या 1800 120 8040 या क्रमांकावर विचारा. तिथले लोक तहसीलच्या टेबलावर जाऊन काम करून घेऊ शकत नाहीत, पण पोर्टलवर काय कुठे आहे ते सांगतात.

हे सगळं करायची वेळ तुमच्यावर बहुधा येणार नाही. माझा अंदाज आहे की केंद्राच्या फोनमध्येच किंवा बुधवारच्या फोनमध्ये तलाठी अहवालाचं किंवा त्रुटीचं काहीतरी निघेल आणि तुम्हाला एकदा सज्जावर जाऊन यावं लागेल. त्या एका खेपेला मिस्टरांना बरोबर न्या, कारण उत्पन्न त्यांचं आहे आणि जबाब त्यांचाच घेतात.

दाखला तयार झाल्याचं फोनवर कळलं की ठेवायच्या आधी आणखी एक विचारा: "भाऊसाहेब, तीनही वर्षांचे आकडे वेगवेगळे आलेत ना?" एकाच वर्षाचा निघाला तर प्रांत कार्यालयात तो चालणार नाही आणि सगळा फेरा पहिल्यापासून. मग त्याच दिवशी नॉन-क्रिमीलेयरचा अर्ज भरा. भरताना केंद्रचालकाच्या शेजारी बसा, आणि मोबाईल नंबरच्या रकान्यात तुमचाच नंबर टाकून घ्या.